सी.डी.ची ओळ आणि अठ्ठावीस जोड्या

आपल्या पिंपळगावात कांदा व द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि ‘बसवंत ७८०’ हा वाण तर गावाचंच नाव घेऊन शेतात जातो. म्हणून वाण-चाचणीचा तक्ता इथे अनेकांनी पाहिलेला असणार. तक्त्याच्या तळाशी ‘सी.डी. ५ टक्के’ अशी एक ओळ असते. आजचं व्याख्यान त्या ओळीबद्दल आहे.

सी.डी.ने वाणांची तुलना करण्याची पद्धत आपल्याकडे घट्ट रुजली ती पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ सालच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकामुळे. कृषी विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्या पुस्तकावर वाढल्या. रीत अशी, की आधी अनोव्हा करून एफ-चाचणी बघायची. ती सार्थ आली, तर सी.डी. काढायची आणि तिच्याहून जास्त फरक असलेली प्रत्येक जोडी खरोखर वेगळी मानायची.

हिशेबासाठी एक तक्ता मांडू. आकडे मी उदाहरणाकरता घेतले आहेत. आठ वाण, तीन पुनरावृत्त्या, म्हणजे चोवीस वाफे. हेक्टरी सरासरी उत्पादन क्विंटलमध्ये असं: २६२, २५५, २५१, २४४, २४०, २३६, २२८ आणि १८०. यातला २२८ चा वाण म्हणजे चेक, आपला नेहमीचा. त्रुटीचं प्रचरण ३०० धरलं, तर एका सरासरीची प्रमाणित त्रुटी बरोबर १० येते आणि सी.डी. ३०.३.

आता कल्पना करा, आठही वाण मुळात सारखेच आहेत. कोणतेही दोन वाण आधीच ठरवून घेतले, तर जमिनीच्या चढउतारामुळे त्यांच्यात सरासरी ११ क्विंटलचा फरक दिसेल. पण पेरणीनंतर, आकडे बघून, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा उचलला तर? आठ सारख्या वाणांतही या दोघांमधलं अंतर सरासरी २८.५ क्विंटल असतं. सी.डी.ची रेषा त्याच्या जेमतेम वर आहे. आठ वाणांच्या अठ्ठावीस जोड्या होतात, सी.डी. त्यातल्या एकाच, आधी ठरवलेल्या जोडीसाठी घडवलेली आहे. फिशरने १९३५ मध्येच याबद्दल सावध केलं होतं.

तुम्ही म्हणाल, एफ-चाचणीचा दरवाजा आहे ना! आमच्या तक्त्यात एफ ६.४८ येतो आणि मर्यादा २.७६. दरवाजा उघडला. पण तो कोणी उघडला ते बघा. १८० चा वाण बाजूला ठेवून उरलेल्या सातांचा एफ त्याच त्रुटीवर काढला, तर तो फक्त १.३७ भरतो, म्हणजे सातांत भेद असल्याचा पुरावाच नाही. एका पडलेल्या वाणाने दरवाजा उघडला आणि उरलेल्या एकवीस जोड्या त्यातून विनातपासणी आत शिरल्या. त्यातच २६२ आणि २२८ ही जोडी आहे. फरक ३४, सी.डी.पेक्षा जास्त. अहवालात छापलं जाईल, ‘नवा वाण चेकपेक्षा सार्थपणे सरस’. माझ्या मते हे वाक्य या आकड्यांवर लिहिता येत नाही, आणि त्या वाक्यावर विसंबून कोणीतरी बियाणं विकत घेणार असतं.

मग कोणती चाचणी? ते आपला प्रश्न ठरवतो, आणि प्रश्न पेरणीपूर्वी वहीत लिहिलेला हवा. प्रत्येक वाणाची प्रत्येकाशी तुलना करायची असेल तर टुकीची चाचणी. तिची रेषा आठांतल्या सर्वांत मोठ्या अंतराचा विचार करूनच आखलेली असते. इथे ती ४९.९ येते. पण वाण-चाचणीत बहुधा एवढंच विचारायचं असतं की चेकच्या तुलनेत कोण कसा. त्या सातच तुलना. त्यासाठी डनेटची १९५५ ची चाचणी आहे, रेषा साधारण ४२. तिच्यावरही ३४ चा फरक टिकत नाही. मात्र १८० चा वाण चेकपेक्षा ४८ ने खाली आहे, आणि डनेट ते पकडते, तर टुकीच्या रेषेखाली ते निसटतं. नको असलेले प्रश्न सोडले की हव्या असलेल्या प्रश्नाला असं बळ मिळतं. तिन्ही चाचण्या लावून सोयीची निवडली, तर हे सगळं वाया जातं.

नत्राच्या मात्रांचा प्रयोग असेल, ५०, १००, १५० किलो, तर यातलं काहीच नको. तिथे मात्रेनुसार उत्पादन कसं वाढतं याची वक्ररेषा काढावी.

कडक रेषेने खरा फरकही हुकू शकतो, हा आक्षेप योग्य आहे. ३४ चा फरक कदाचित खरा असेल. सैल रेषेने तो सिद्ध होत नाही, वाफ्यांनी होतो. तीनऐवजी पाच पुनरावृत्त्या घेतल्या, म्हणजे चोवीसचे चाळीस वाफे झाले, आणि त्रुटी तेवढीच राहिली, तर डनेटची रेषा ४२ वरून ३० च्या आसपास उतरते.