हृदयाची आकृती: डावं कुठलं, उजवं कुठलं?

कानात हेडफोन असेल तर राहू द्या, पण आज हात मोकळा ठेवा. विज्ञानाच्या पुस्तकातली हृदयाची आकृती, नाहीतर ग्रुपवर आलेला तिचा फोटो, मोबाईलवर उघडून ठेवा. मी बोलत जाते, तुम्ही बोट फिरवत जा. बसमध्ये असाल तर नंतर ऐका, कारण चित्र समोर नसेल तर हा भाग अर्धाच कळेल.

आकृतीत मुख्य नावं फार नाहीत. वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद, खालचे दोन म्हणजे निलय. तुमच्या आईबाबांनी शाळेत कदाचित कर्णिका आणि जवनिका असं शिकलं असेल, कप्पे तेच आहेत. मग रक्तवाहिन्या: ऊर्ध्व महाशिरा, अधो महाशिरा, फुप्फुस धमनी, फुप्फुस शिरा आणि महाधमनी. एवढी नावं पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. तरीही उत्तरपत्रिकेत बाण चुकीच्या जागी जातात, कारण नाव माहीत असतं पण ते लिहायचं कुठे हे चित्रातल्या जागेवरून पाठ केलेलं असतं.

पहिली गोष्ट डाव्या-उजव्याची. आकृतीतलं हृदय तुमच्या समोर उभ्या असलेल्या माणसाचं आहे. त्यामुळे त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या हाताकडे येतो. म्हणजे स्क्रीनच्या डाव्या बाजूला दिसतं ते उजवं अलिंद आणि उजवं निलय. हृदयाचं खालचं टोक त्या माणसाच्या डावीकडे झुकलेलं असतं, म्हणून ते स्क्रीनवर उजवीकडे दिसतं. हे सगळ्यांना सांगितलेलं असतं. पण चित्रच उलटं असेल तर?

आता भिवापूरची गोष्ट सांगते. माझी भाची तिथे आठवीत आहे. गेल्या महिन्यात तिने मला वहीतल्या आकृतीचा फोटो पाठवला. खाली मेसेज होता, "मावशी, बघ ना, सगळं बरोबर आहे ना? उद्या जमा करायचंय." चित्र सुरेख होतं. महाधमनी तर अशी रंगवली होती की भिवापुरी मिरचीच वाटावी. अक्षर सरळ, बाण पट्टीने ओढलेले, नावंही शुद्ध. घाईत पाहणाऱ्याने पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मी तिला फोन केला आणि एकच प्रश्न विचारला, "ऊर्ध्व महाशिरा कुठल्या कप्प्यात उघडते?"

"उजव्या अलिंदात," ती पटकन म्हणाली.

"आणि तुझ्या चित्रात?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "अगं बाई! डाव्यात चाललीये."

झालं काय होतं, ते ऐका. तिने ट्रेसिंग पेपर पुस्तकावर ठेवून पेन्सिलीने आकृती काढली. मग पेन्सिलीची बाजू खाली करून कागद वहीवर ठेवला आणि मागून घासला. असं केलं की छाप उमटतो, पण आरशातल्यासारखा उलटा. चित्र उलटं झालं आणि नावं मात्र तिने नंतर पुस्तकातल्या जागांप्रमाणे लिहिली: कागदाच्या डावीकडे "उजवे", उजवीकडे "डावे". दोन उभ्या महाशिरा ओळखू येतात म्हणून त्यांना नाव बरोबर दिलं, महाधमनीची कमान तर लपतच नाही. त्यामुळे रक्तवाहिन्यांची नावं खऱ्या जागी आणि चारही कप्प्यांची नावं उलटी, असा तो फोटो होता.

छापील चित्र उलटं झालं तर अक्षरंही उलटी दिसतात आणि चटकन कळतं. इथे अक्षरं नंतर लिहिलेली होती, म्हणून तो सुगावा नव्हता. अशा वेळी चित्रालाच विचारावं लागतं. त्यासाठी मी दोन खुणा पाहते.

पहिली खूण म्हणजे भिंतीची जाडी. उभा छेद दाखवणाऱ्या आकृतीत दोन निलयांच्या भिंती नीट बघा. एक जाड दिसेल, एक पातळ. मोठ्या माणसात डाव्या निलयाची भिंत साधारण एक सेंटीमीटर जाड असते, उजव्याची तिच्या निम्म्याहूनही कमी. कारण साधं आहे. उजवं निलय रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलतं, तिथे पाऱ्याचा साधारण २५ मिलिमीटर दाब पुरतो. डाव्या निलयाला तेच रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पाठवायचं असतं, म्हणून त्याला १२० च्या आसपास दाब तयार करावा लागतो. आजोबांचं बीपी मोजून "एकशेवीस-ऐंशी" सांगतात ना, त्यातला वरचा आकडा या जाड भिंतीच्या आकुंचनातून येतो. म्हणून चित्र उलटं असो की सुलटं, जाड भिंत जिथे आहे तिथे डावं निलय. भाचीच्या फोटोत जाड भिंतीवर "उजवे निलय" लिहिलं होतं.

दुसरी खूण म्हणजे रक्ताची वाट. मला ही जास्त आवडते, कारण ती नाव आणि जागा दोन्ही एकदम तपासते. आता बोट ठेवा महाशिरेवर. वरून ऊर्ध्व, खालून अधो, दोघी एकाच कप्प्यात येतात, ते उजवं अलिंद. तिथून त्रिदली झडपेतून खाली गेलं की उजवं निलय. या निलयातून वर जाणारी वाहिनी म्हणजे फुप्फुस धमनी, पुढे तिच्या दोन शाखा होतात, एकेका फुप्फुसाकडे एक. आता बोट चित्राच्या बाहेर जातं, कारण फुप्फुसं सहसा काढलेली नसतात. मुलं इथेच हरवतात. बोट परत आत आणायचं ते फुप्फुस शिरांवरून, आणि त्या येतात डाव्या अलिंदात. मग द्विदली झडप, डावं निलय आणि शेवटी महाधमनी. वाटेत कुठेही बोट उचलून पडद्यापलीकडे उडी मारावी लागली, तर एखादं नाव चुकलंय. भाचीच्या चित्रात पहिल्याच पावलाला उडी लागत होती.

आता रंगाबद्दल. पुस्तकात उजवी बाजू निळी आणि डावी लाल असते. निळं रक्त कुणाच्याच अंगात नसतं. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त गडद लाल असतं, निळा रंग फक्त आपल्याला फरक कळावा म्हणून. आता गंमत अशी, की "धमनी लाल, शिरा निळी" असं पाठ केलेलं पोर फुप्फुसाच्या वाहिन्यांपाशी नक्की फसतं. तिथे फुप्फुस धमनी निळी आणि फुप्फुस शिरा लाल दाखवलेली असते. छपाईची चूक नाही ती. धमनी हे नाव रक्ताच्या रंगावरून पडलेलं नाही, दिशेवरून पडलंय: हृदयातून बाहेर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा. आणि चित्र काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर आलं की रंग जातोच. तिथे दिशा कळणाऱ्याचंच काम भागतं.

फोटोत अजून एक जागा अशी आहे जिथे डोळा फसतो. फुप्फुस धमनी उजव्या निलयातून निघते, पण वर जाताना महाधमनीच्या समोरून डावीकडे वळते. महाधमनी तिच्या मागून वर येते आणि कमान करून मागे आणि डावीकडे जाते. सपाट कागदावर या दोन नळ्या एकमेकींवरून गेल्यासारख्या दिसतात. तिथे वरच्या टोकाला बाण लावू नका, मुळाशी जा. नळी कुठल्या निलयातून उगवते ते बघा. पातळ भिंतीच्या निलयातून आली तर फुप्फुस धमनी, जाड भिंतीच्या निलयातून आली तर महाधमनी.

भाचीने मग विचारलं, "मावशी, कप्प्यांवरचं डावं-उजवं खोडून अदलाबदल केली तर नाही चालणार?" प्रश्न हुशारीचा होता. तसं केलं असतं तर रक्ताची वाट जुळली असती, पण चित्रातलं हृदय त्या माणसाच्या छातीत उजवीकडे झुकलेलं राहिलं असतं. अशी माणसं खरोखर असतात. काहींचं जन्मतःच हृदय उजवीकडे असतं, काहींचे यकृत, जठर सगळेच अवयव आरशातल्यासारखे असतात आणि तरी ती ठणठणीत जगतात. म्हणूनच छातीच्या एक्स-रेवर बाजू दाखवणारी खूण असते. एक्स-रे उलटा धरला की साध्या माणसाचं हृदयही उजवीकडे दिसतं. पण आठवीच्या वहीत नेहमीचं हृदय हवं होतं, त्यामुळे आकृती पुन्हा काढावी लागली. या वेळी तिने ट्रेसिंग पेपरच्या मागच्या बाजूला पेन्सिल घासली, कागद सुलटाच वहीवर ठेवला आणि वरून रेषा गिरवल्या.

आता मोजणीबद्दल सांगते. फुप्फुस शिरा आकृतीत कधी दोनच दिसतात, पण साधारणपणे त्या चार असतात, प्रत्येक फुप्फुसाकडून दोन. त्यात दोन महाशिरा, एक फुप्फुस धमनी आणि एक महाधमनी मिळवा. म्हणजे हृदयाला जोडलेल्या मोठ्या वाहिन्या झाल्या आठ. मग हृदय बदलायचं असेल तर सर्जनला आठही शिवाव्या लागत असतील, नाही का?

भारतात पहिलं हृदय प्रत्यारोपण मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केलं. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केलं होतं डिसेंबर १९६७ मध्ये, म्हणजे मध्ये तीन महिनेही गेले नव्हते. मुंबईचा रुग्ण काही तासच जगला. त्याआधी काही वर्षं अमेरिकेत लोअर आणि शमवे या सर्जननी कुत्र्यांवर प्रयोग करून एक पद्धत बसवली होती, आणि पुढे कित्येक वर्षं तीच रूढ राहिली. तुमच्या समोरच्या चित्रात ती समजून घ्या. आजारी हृदय काढताना दोन्ही अलिंदांच्या मागच्या भिंती रुग्णाच्या छातीतच राहू द्यायच्या. चारही फुप्फुस शिरा डाव्या अलिंदाच्या मागच्या भिंतीत उघडतात, दोन्ही महाशिरा उजव्या अलिंदाच्या मागच्या भागात. म्हणजे सहाच्या सहा शिरांना हात न लावता त्यांची तोंडं जागेवर राहतात. मग नव्या हृदयाचं डावं अलिंद जुन्या डाव्या अलिंदाच्या काठाला शिवायचं, उजवं उजव्याला, आणि फुप्फुस धमनी व महाधमनी आपापल्या टोकांना. आठ वाहिन्या, पण जोड चारच.

बोट अजून स्क्रीनवर असेल तर त्या चार जागा दाखवा बघू. पुढच्या भागात झडपांबद्दल बोलू.