ठसा जुळला नाही, पुढे काय?



बालाघाट जिल्ह्यात रेशनच्या दुकानाला कोणी सोसायटी म्हणते, कोणी कंट्रोल. नाव काहीही घ्या, तिथल्या यंत्रावर बोट ठेवल्याशिवाय धान्याची नोंद पुढे सरकत नाही. बोट ठेवले की ठसा आधारच्या मध्यवर्ती नोंदीकडे जातो आणि तिथून उत्तर येते. ठसा जुळला नाही, तर त्या उत्तरासोबत एक आकडा येतो, 300. आधार प्राधिकरणाच्या तांत्रिक कागदात या आकड्यापुढे इंग्रजीत `Biometric data did not match` असे लिहिलेले आहे. दुकानातल्या यंत्राचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने हाच मजकूर उचलून पडद्यावर टाकला, तर रांगेतल्या बाईला काय कळणार? तिला इतकेच कळते की आपल्यामुळे काहीतरी बिघडले आहे.

सॉफ्टवेअरच्या पडद्यावर येणारा मजकूर लिहिणे हे माझे काम. आज या एका आकड्याचा निरोप कसा लिहावा, तेवढेच सांगणार आहे.

निरोप लिहिण्याआधी पाहायचे ते हे की यंत्राला नेमके काय ठाऊक आहे. आधारच्या पडताळणीचे उत्तर फक्त हो किंवा नाही असते. 300 आला म्हणजे पाठवलेला ठसा नोंदीतल्या ठशाशी पुरेसा जुळला नाही, एवढेच. का जुळला नाही, ते यंत्राला माहीत नसते. जुलैत रोवणी चालू असते; दिवसभर चिखलपाण्यात राहिलेल्या बोटांची कातडी फुगून सुरकुतते. भरवेलीच्या खाणीत मॅंगनीज काढणाऱ्यांच्या, बांबू सोलणाऱ्यांच्या, वर्षानुवर्षे विड्या वळणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. हिवाळ्यात कातडी कोरडी पडते. म्हातारपणी रेषा पुसट होतातच. कधी यंत्राची काचच तेलकट झालेली असते, कधी बोट तिरपे ठेवलेले असते. आणि क्वचित खरोखरच दुसऱ्या कोणाचे बोट ठेवलेले असते. या सगळ्यांना उत्तर एकच, 300.

म्हणून निरोपात आरोप येता कामा नये. ‘चुकीची व्यक्ती’, ‘अवैध ठसा’, ‘ओळख नाकारली’ हे शब्द यंत्राला ठाऊक असलेल्यापेक्षा जास्त बोलतात. ते खोटे असू शकतात, आणि तेही गावासमोर, भरल्या रांगेत. यंत्राला जेवढे माहीत आहे तेवढेच त्याने सांगावे.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. बोट ठेवल्यावर काम अडण्याची कारणे अनेक आहेत, प्रत्येकाचा आकडा वेगळा आहे आणि प्रत्येकावरचा उपायही वेगळा. 330 आला तर त्या माणसाने, किंवा त्याच्या वतीने घरच्या कोणी, आधारवर ठशांचे लॉक लावलेले आहे. दहाही बोटे ठेवून पाहिली तरी उपयोग नाही, आधी लॉक उघडावे लागेल. 811 आला तर नोंदीत त्या माणसाचे ठसेच नाहीत. त्याला आधार केंद्रावर जाऊन ठसे द्यावे लागतील. 562 आला तर बोटाचा काही संबंधच नाही. दुकानातल्या यंत्राचे घड्याळ पुढे गेले आहे आणि ते नीट करणे दुकानदाराचे काम आहे. घाईत लिहिलेले सॉफ्टवेअर या चारही आकड्यांवर एकच ओळ दाखवते, ‘प्रमाणीकरण अयशस्वी’. मग घड्याळ चुकलेल्या यंत्रापुढे एखादी म्हातारी पुन्हा पुन्हा बोट पुसत उभी राहते. निरोपाची भाषा सुधारण्याआधी हे आकडे वेगळे करावे लागतात. ते केले नाही, तर गोड शब्दांत चुकीचा सल्ला दिला जाईल.

आता 300 चा मजकूर. सहसा पहिला मसुदा असा येतो:

‘बायोमेट्रिक प्रमाणीकरण अयशस्वी. त्रुटी क्र. 300. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’

यात शेवटचे वाक्य उपयोगाचे वाटते, पण नाही. पुन्हा प्रयत्न म्हणजे तेच बोट, तसेच, त्याच काचेवर. निकालही तोच लागण्याची शक्यता जास्त. बदल काय करायचा, ते सांगितलेलेच नाही.

हे ध्यानात आले की लिहिणारा दुसऱ्या टोकाला जातो:

‘क्षमस्व, काही तांत्रिक कारणांमुळे आपल्या बोटाचा ठसा आधार नोंदीतील ठशाशी जुळू शकला नाही. बोट ओले, कोरडे, अस्वच्छ किंवा झिजलेले असल्यास असे होऊ शकते. कृपया बोट स्वच्छ करून…’

हे खरे आहे, नम्रही आहे. पण दुकानातले यंत्र हातात मावणारे, त्याचा पडदा छोटा. एवढे त्यावर मावत नाही, आणि मावले तरी मागे रांग असताना कोणी वाचत नाही. शिवाय ‘तांत्रिक कारणांमुळे’ या शब्दांनी कोणाला काहीच कळत नाही. कारणांची यादी शिकवणीच्या पुस्तकात ठेवावी. पडद्यावर त्या कारणांतून निघणारी कृती हवी.

मी लिहिते तो मजकूर असा:

‘बोटाचा ठसा जुळला नाही. बोट आणि काच पुसा. मग दुसरे बोट ठेवा.’

तीन छोटी वाक्ये. पहिल्यात काय झाले ते, पुढच्या दोनात काय करायचे ते, आणि ज्या क्रमाने करायचे त्याच क्रमाने. ‘दुसरे बोट’ मुद्दाम आहे. सगळे अंगठाच पुढे करतात, पण आधार नोंदीत दहा बोटांचे ठसे असतात आणि कष्टाच्या हातात सगळ्यात जास्त झिजतो तो बहुधा अंगठाच. कोणाची अनामिका चांगली उमटते, कोणाचे मधले बोट. कोणते बोट सर्वांत चांगले जुळते हे शोधण्याची पद्धतही प्राधिकरणाने ठरवून दिलेली आहे. आणि ‘काच पुसा’ हे दुकानदारासाठी आहे. हा निरोप दोघे मिळून वाचतात. खरे तर सेल्समन वाचतो आणि समोरच्याला सांगतो. म्हणून वाक्य तोंडाने सांगता येईल असे हवे. ‘माय, दुसरं बोट ठेव’ असे त्याच्या तोंडून सहज निघावे. ‘प्रमाणीकरण’ आणि ‘अयशस्वी’ वाचून तो फक्त ‘नाही होत’ एवढेच म्हणेल.

300 हा आकडा मी काढून टाकत नाही. तो खाली, लहान अक्षरात राहतो. मदत केंद्राला फोन केल्यावर तिथल्या माणसाला तोच लागतो. मात्र त्याने वरची जागा घेऊ नये. नुसता आकडा दाखवण्याचे परिणाम काय होतात, त्याचे एक जुने आणि भयंकर उदाहरण आहे. मार्च 1986 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या टायलर गावी कर्करोगाच्या रुग्णाला थेरॅक-25 नावाच्या यंत्राने किरणोपचार दिले जात होते. यंत्र थांबले आणि पडद्यावर `MALFUNCTION 54` एवढेच उमटले. सोबतच्या कागदातही त्याचा उपयोगी अर्थ दिलेला नव्हता. असे आकडे त्या यंत्रावर वरचेवर येत आणि पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली की काम सुरू होई, म्हणून तंत्रज्ञ बाईंनी ती कळ दाबली. रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरण मिळाले आणि पुढे तो दगावला. मूळ दोष सॉफ्टवेअरच्या आत होता. पण ज्या क्षणी कोणीतरी थांबायला हवे होते, त्या क्षणी पडद्याने थांबा असे सांगितले नाही.

पुन्हा आपल्या दुकानात येऊ. दुसरे बोटही जुळले नाही, तिसरेही नाही. आता तोच निरोप पुन्हा दाखवणे म्हणजे माणसाला चक्रात अडकवणे. यंत्राने किती वेळा नकार आला हे मोजावे आणि मजकूर बदलावा:

‘ठसा जुळत नाही. मोबाइलवर ओटीपी मागवा किंवा डोळ्याने ओळख पटवा. तुमचे धान्य बंद झालेले नाही.’

यातला शेवटचा भाग माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. ठसा न जुळलेल्या माणसाच्या मनातला पहिला प्रश्न असतो, माझे नाव कापले का? त्याचे उत्तर देणे हे निरोपाचे कामच आहे, आणि त्याला आधारही आहे. ठसा जुळला नाही या कारणाने पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर 2017 मध्ये राज्यांना लेखी कळवले आहे. मात्र मधल्या ओळीत एक पथ्य आहे. त्या दुकानात डोळे टिपणारे यंत्र नसेल, तर डोळ्याचा उल्लेख नको. आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसेल, तर ओटीपीचा नको. दोन्ही नसतील, तर ‘दुकानदाराने नोंदवहीत नोंद करून धान्य द्यावे’ असा मजकूर यावा. पण तोही तशी सोय सरकारने त्या दुकानाला खरोखर दिली असेल तरच. जो मार्ग उघडा नाही तो दाखवणारा निरोप जुन्या निरोपापेक्षा वाईट. मार्गच नसेल, तर आधी मार्ग तयार करायला हवा. इथे लिहिणाऱ्याचे काम संपते आणि खात्याचे सुरू होते.

नवा मजकूर चालतो की नाही, हे लिहिणाऱ्याच्या टेबलावर कळत नाही. मी एक सोपी चाचणी करते. निरोप दाखवते, काही बोलत नाही, आणि माणसाच्या हाताकडे पाहते. हात पुसून दुसरे बोट पुढे आले, तर मजकूर पोचला. तेच बोट जास्त जोर लावून दाबले गेले, तर नाही. यंत्रातल्या नोंदीही बोलतात. 300 नंतरचे उत्तर होकारार्थी येऊ लागले, तर मजकूर काम करतो आहे. 300 वर 300 येत राहिले, तर मजकूर पुन्हा लिहावा. आणि एकाच दुकानात, एकाच आठवड्यात सगळ्यांनाच 300 येऊ लागले, तर दोष लोकांच्या बोटांत नाही. त्या दुकानाची काच तपासावी, यंत्र बदलावे.

श्रोतेहो, तुमच्यापैकी जे असे सॉफ्टवेअर लिहितात त्यांनी आपल्या यंत्राचे सगळे आकडे एका कागदावर मांडावे आणि प्रत्येकापुढे ‘आता कोणी काय करायचे’ एवढेच लिहून पाहावे. आणि ज्यांना सोसायटीतून ठसा जुळला नाही म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवले जाते, त्यांनी पडद्यावरचा आकडा आणि तारीख लिहून घ्यावी. मध्य प्रदेशात तक्रारीसाठी मुख्यमंत्री हेल्पलाइनचा नंबर 181 आहे. फोन केल्यावर तो आकडा जरूर सांगावा.