बिल अडकतं कुठे? चाकणच्या छोट्या कारखान्यासाठी एकच ऑटोमेशन

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "झॅपियर, मेक, पॅबली हे सगळं यूट्यूबवर बघून शिकलो, पण गिऱ्हाईक कुठे शोधायचं आणि त्याला विकायचं काय?" आज फक्त त्यावरच बोलू, आणि तेही एकाच कामाबद्दल.

मी राहतो हिंजवडीत, नोकरीही इथलीच. पण माझे ऑटोमेशनचे गिऱ्हाईक हिंजवडीतले नाहीत. ते आहेत भोसरी आणि चाकणला. दहा-पंधरा कामगारांची वर्कशॉप्स. लेझर कटिंग, ब्रॅकेट, जिग-फिक्श्चर असं काम करून मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडरना माल देणारी. तिथे ऑफिस म्हणजे एक टेबल, एक टॅली आणि एक अकाउंटवाली ताई.

अशा ठिकाणी "तुमचा प्रॉब्लेम काय?" असं विचारू नका. उत्तर येतं, "सगळं ठीक आहे." त्याऐवजी मी विचारतो, "काका, गेल्या महिन्यात उशिरा आलेली पाच बिलं दाखवा, आणि प्रत्येकाला फोन कधी केला ते सांगा." मग फाईल उघडते आणि खरी गोष्ट बाहेर येते.

चाकणच्या एका काकांकडे असाच बसलो. महिन्याला साधारण ४० बिलं, मिळून दहा लाखांचं काम. उशिरा आलेली पाच बिलं पाहिली. त्यातली तीन चक्क जीआरएन न झाल्यामुळे थांबली होती. जीआरएन म्हणजे माल गेटमधून आत आला, तपासला आणि स्टोअरने सिस्टीमला घेतला, याची नोंद. ती झाल्याशिवाय समोरच्या अकाउंट्सला बिल दिसतच नाही. ताई ४५व्या दिवशी फोन करायची आणि तिकडून उत्तर यायचं, "मॅडम, जीआरएनच नाही." म्हणजे बिल अडकलं होतं तिसऱ्या दिवशी, आणि कळलं दीड महिन्याने.

इथे बरेच जण चुकीचं दुखणं पकडतात. ताईचा वेळ वाचवायचा म्हणून चलनाचं व्हॉट्सॲप ऑटोमेट करतात. हिशोब करून बघा. रोज ४० मिनिटं वाचली तरी महिन्याचे सतरा तास होतात. १८,००० पगाराने त्याची किंमत दीड हजाराच्या आसपास. त्यावर तुम्ही महिन्याला दीड हजार मागितले तर काकांना काय उरलं? आता पैशाकडे बघा. दहा लाखांचं काम, पैसे सरासरी दहा दिवस आधी आले, तर सव्वातीन लाखांहून जास्त रक्कम मोकळी होते. कॅश क्रेडिटचं व्याज १२ टक्के धरलं तर वर्षाला ४० हजार वाचतात. काकांना ही भाषा लगेच समजते.

आता फ्लो. एक गूगल शीट. A मध्ये बिल नंबर, B मध्ये बिलाची तारीख, C मध्ये जीआरएनची तारीख, D मध्ये ठरलेले दिवस, E मध्ये पैसे आल्याची तारीख, F मध्ये शेवटची आठवण कधी केली, आणि G मध्ये हा फॉर्म्युला:

```
=IF(E2<>"","",IF(C2="",IF(TODAY()-B2>=3,"GRN",""),IF(C2+D2-TODAY()<=5,"PAY","")))
```

अर्थ सोपा आहे. पैसे आले असतील तर गप्प. तीन दिवस झाले आणि जीआरएन नाही, तर `GRN`. मुदत संपायला पाच दिवस किंवा कमी उरले, तर `PAY`. सगळी अक्कल शीटमध्ये ठेवली, म्हणजे ताईला डोळ्यांनी तपासता येते.

मेकमध्ये रोज सकाळी दहाला, कामाच्या दिवशी, हा फ्लो चालतो. आधी शीटमधल्या एका सेलमधून "आज किती बिलं" हा आकडा उचलून काकांना मेल जातो. मग `Search Rows` ने G भरलेल्या ओळी शोधायच्या, आणि F रिकामा किंवा सात दिवसांपेक्षा जुना असेल तरच पुढे जाऊ द्यायचं. शेवटी जीमेलमध्ये ड्राफ्ट तयार होतो आणि F मध्ये आजची तारीख पडते. नीट ऐका, ड्राफ्ट. मेल आपोआप पाठवायचा नाही. पैसे काल आले आणि ताईने शीटमध्ये टाकले नाहीत, तर पैसे दिलेल्या पार्टीला तगादा जातो. चाकणमध्ये असा एक मेल संबंध बिघडवायला पुरतो. ताई ड्राफ्ट वाचते आणि सेंड दाबते, काम पाच मिनिटांचं.

`PAY` च्या मेलमध्ये उद्यम नंबर नक्की टाका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. त्यात आयकराच्या नियमांनुसार, १ एप्रिल २०२४ पासून, अशी मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चला बाकी असेल तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. समोरच्या अकाउंट्सला हे पाठ असतं. मेलमध्ये धमकी नको, फक्त नंबर आणि तारीख पुरे.

खर्चाचं बघू. रोज आकडा वाचणं, मेल, शोध, असे तीन ऑपरेशन, २६ दिवसांचे ७८. ४० बिलं, प्रत्येकी दोन आठवणी, प्रत्येक आठवणीला दोन ऑपरेशन, म्हणजे १६०. एकूण २३८. मेकच्या फ्री प्लॅनची मर्यादा महिन्याला १,००० आहे, त्यात आरामात बसतं. पण हाच फ्लो दर १५ मिनिटांनी लावलात तर नुसत्या शोधाचे २,८८० होतात आणि महिना अर्धा व्हायच्या आत फ्लो बंद पडतो.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली तारीख. शीटची लोकेल अमेरिकेची असेल तर ०३/०४ म्हणजे चार मार्च होतं. ओळखायचं कसं? १२ तारखेनंतरच्या तारखा डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, म्हणजे शीटने त्यांना मजकूर समजलंय. `File > Settings` मध्ये लोकेल इंडिया करा आणि जुन्या तारखा परत टाका. दुसरी म्हणजे जोडणी. काकांनी गूगलचा पासवर्ड बदलला की फ्लो गुपचूप थांबू शकतो. म्हणून तो सकाळचा मेल. "आज ० बिलं" असं आलं तरी फ्लो जिवंत आहे. मेलच नाही आला, तर काका मला फोन करतात.

आणि पैसे. सेटअपचे मी १२,००० घेतो: निम्मे आधी, निम्मे दोन आठवडे फ्लो नीट चालल्यावर. महिन्याचे १,५००. त्यात काय येतं ते कागदावर लिहून देतो: जोडणी तुटली तर त्याच दिवशी दुरुस्ती, मेलचा मजकूर बदलणं, आणि महिनाअखेरीस एक यादी, कोणत्या पार्टीकडे जीआरएनला सरासरी किती दिवस लागतात. दुसरा फ्लो हवा असेल तर त्याचा सेटअप वेगळा. अकाउंट काकांच्याच नावाने उघडायचं, आपल्या नाही. उद्या त्यांनी मला बंद केलं तरी त्यांचं काम थांबता कामा नये. हे आधीच सांगितलं की महिन्याच्या फीवर घासाघीस कमी होते.

या फ्लोला एक मर्यादा आहे. समोरच्याकडे पैसेच नसतील, तर कुठलाही मेल ते आणून देत नाही. विसरल्यामुळे आणि कागदामुळे अडकलेलं बिल तेवढं हा फ्लो सोडवतो. म्हणून आधी पाच बिलं बघा. त्यातली दोन तरी अशी नसतील, तर काकांना सरळ सांगा की तुम्हाला याची गरज नाही.

पुढच्या भागात टॅलीतून ही शीट आपोआप कशी भरायची ते बघू. भेटू.