तक्त्यातले आकडे, वहीतली तीन वाक्यं

आमच्या बचत गटांतल्या काहीजणींनी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचं ठरवलं आहे. कुणाची शाळा सातवीत सुटली, कुणाची नववीत. एक-दोन घरांत तर मायलेकी एकाच पुस्तकातून अभ्यास करतात. गटाची बैठक संपली, हप्ते वहीत लिहून झाले की आम्ही तासभर थांबतो आणि एक धडा घेतो. इतिहास, मराठी वाचून कळतं. अडतं ते भूगोलातल्या तक्त्यांपाशी आणि आलेखांपाशी. तिथे पान उलटून पुढे जायची सगळ्यांची सवय. पण पेपरात नेमका आलेख देतात आणि त्याखाली प्रश्न विचारतात. म्हणून आज तेवढ्यावरच बोलू या.

उजळणीच्या वहीत तक्ता जसाच्या तसा उतरवून काही हाती लागत नाही. चौदा-पंधरा आकडे दुसऱ्या दिवशी एकमेकांत मिसळतात. तक्ता काय सांगतो ते आपल्या भाषेत दोन-तीन वाक्यांत लिहायचं, म्हणजे ते डोक्यात राहतं.

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. त्यातला लोकसंख्येचा विषय घेऊ. वही-पेन जवळ असेल तर लिहून घ्या, आम्ही सावकाश सांगतो. भारताची लोकसंख्या, कोटींमध्ये, दर दहा वर्षांच्या जनगणनेप्रमाणे. १९५१ साली ३६ कोटी, १९६१ साली ४४, १९७१ साली ५५, १९८१ साली ६८, १९९१ साली ८५, २००१ साली १०३ आणि २०११ साली १२१. आता शेजारी दुसरा रकाना करा, मागच्या दहा वर्षांत किती टक्के वाढ झाली त्याचा. १९६१ समोर २१.६, १९७१ समोर २४.८, १९८१ समोर २४.७, १९९१ समोर २३.९, २००१ समोर २१.५ आणि २०११ समोर १७.७. तुमच्या पुस्तकात एखादा आकडा थोडा वेगळा छापलेला असेल तर पुस्तकातलाच धरा.

आकड्यांकडे वळायच्या आधी तक्त्याचं डोकं वाचायचं. हा तक्ता कशाचा, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आणि आकडे कशात मोजले आहेत? इथे एक रकाना कोटींत आहे आणि दुसरा टक्क्यांत. हे न बघता वाचलं तर पुढचं सगळं चुकतं. आलेखातही तसंच. आडव्या रेषेवर बहुतेक वेळा वर्षं असतात, उभ्या रेषेवर मोजमाप. दोन्ही रेषांच्या कडेला काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा.

मग पहिला आणि शेवटचा आकडा बघा. ३६ आणि १२१. छत्तीसची तिप्पट एकशे आठ, म्हणजे १२१ त्याहूनही जास्त. झालं पहिलं वाक्य: ‘१९५१ ते २०११ या साठ वर्षांत भारताची लोकसंख्या ३६ कोटींवरून १२१ कोटींवर, म्हणजे तिपटीहून जास्त झाली.’ मधले पाच आकडे लिहायची गरज नाही, कारण त्यांत कुठे वळण नाही. प्रत्येक वेळी आकडा वाढतच गेला आहे.

दुसऱ्या रकान्यात मात्र वळण आहे. नुसतं पहिलं आणि शेवटचं बघून ‘२१.६ वरून १७.७ झाला, दर कमी झाला’ असं लिहिलं तर मधली गोष्ट हरवते. दर आधी वाढला, १९७१ ला सगळ्यांत वर गेला, मग उतरत आला. म्हणून दुसरं वाक्य असं: ‘वाढीचा दर १९७१ पर्यंत चढला, तेव्हा तो २४.८ टक्के होता. त्यानंतर उतरत २०११ ला १७.७ टक्क्यांवर आला.’

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. आमच्याकडे एका ताईंनी विचारलं, ‘दर कमी झाला म्हणजे माणसं कमी झाली ना?’ दर उतरला, पण माणसं वाढलीच. हे कसं ते गटाच्याच हिशेबाने बघू. दहा बायकांचा एक गट आहे. वर्षात तीन नव्या आल्या. वाढ तीस टक्के. दुसरीकडे चाळीस जणींचा ग्रामसंघ आहे, तिथे आठ नव्या आल्या. वाढ वीस टक्के. टक्के कमी, पण आठ बायका तीनपेक्षा जास्तच. मुळात संख्या मोठी असली की लहान टक्क्यातही माणसं पुष्कळ मावतात.

आता आपल्या तक्त्यावर या. १९६१ ते १९७१ मध्ये ४४ चे ५५ झाले, म्हणजे ११ कोटींची भर पडली, आणि दर होता सगळ्यांत चढा. २००१ ते २०११ मध्ये १०३ चे १२१ झाले, म्हणजे १८ कोटींची भर, आणि दर होता या सगळ्यांत कमी. तिसरं वाक्य यातूनच निघतं: ‘वाढीचा दर कमी झाला तरी लोकसंख्या वाढतच आहे, कारण मूळ संख्या मोठी आहे.’ परीक्षेच्या दृष्टीने या तिन्हींत हे वाक्य सगळ्यांत कामाचं, असं आमचं मत आहे.

आता एक आलेख. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, त्याला लिंग गुणोत्तर म्हणतात. भारताचे आकडे असे: १९५१ ला ९४६, १९६१ ला ९४१, १९७१ ला ९३०, १९८१ ला ९३४, १९९१ ला ९२७, २००१ ला ९३३ आणि २०११ ला ९४३. शेवटचा आकडा काही ठिकाणी ९४० असा छापलेला दिसेल; तो जनगणनेनंतर आधी जाहीर झालेला आकडा आहे.

या आकड्यांचा आलेख काढताना उभी रेषा बहुतेक वेळा शून्यापासून सुरू करत नाहीत, ९०० पासून करतात. नाहीतर सगळे खांब सारखेच दिसतील. पण ९०० पासून सुरू केली की ९४६ चा खांब ४६ घरं उंच दिसतो आणि ९२७ चा २७ घरं. डोळ्याला वाटतं, बायका निम्म्याच राहिल्या की काय! खरा फरक हजारी १९ चा आहे. म्हणून ‘गुणोत्तर निम्म्यावर आलं’ असं कधी लिहू नका. पण १९ म्हणजे किरकोळ असंही समजू नका. १९९१ ला देशात पुरुष चाळीस कोटींहून जास्त होते. हजारी १९ धरल्या तर पंचाहत्तर लाखांहून जास्त बायकांचा फरक पडतो.

आणखी एक. लोकसंख्या सांगताना आपण १२१ कोटी असा गोळाबेरीज आकडा घेतला, ते चाललं. इथे तसं चालणार नाही. ९२७ ला ‘सुमारे ९००’ म्हटलं आणि ९४६ ला पण तेच, तर सांगण्यासारखं काही उरतच नाही. आकड्यांतला फरक जितका बारीक, तितका आकडा नेमका लिहायचा.

तर वहीत लिहू: ‘१९५१ ते १९९१ मध्ये लिंग गुणोत्तर थोड्या चढउतारांसह ९४६ वरून ९२७ वर उतरलं. त्यानंतर ते वाढून २०११ ला ९४३ झालं, तरी १९५१ पेक्षा ते कमीच आहे.’ ब्राझीलमध्ये हा आकडा हजाराच्या वर आहे, म्हणजे तिथे पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त. तुलनेसाठी ते एक वाक्य खाली जोडायचं.

हे लिहून झाल्यावर कुणीतरी लगेच म्हणतं, ‘म्हणजे आता मुली जास्त जन्माला यायला लागल्या.’ आलेखाने असं कुठे सांगितलं? त्यात सगळ्या वयाच्या बाया आल्या, आजीसुद्धा आल्या. शून्य ते सहा वयाच्या मुलींचा आकडा वेगळा असतो. तो २००१ ला ९२७ होता आणि २०११ ला ९२० च्याही खाली गेला. म्हणजे त्याच दहा वर्षांत एकूण गुणोत्तर वाढलं आणि लहान मुलींचं घटलं. आलेखात जे नाही ते आपल्या वाक्यात घालायचं नाही. ‘असं का झालं’ हे आलेख सांगत नाही, ते धड्याच्या मजकुरात शोधायचं आणि वेगळ्या ओळीवर लिहायचं. आम्ही वहीत ‘आलेख सांगतो’ आणि ‘धडा सांगतो’ असे दोन भागच पाडले आहेत.

वाक्यं बरोबर झाली की नाही हे कसं ओळखायचं? दोघीजणी बसा. एकीने पुस्तक मिटून नुसती वाक्यं वाचायची, दुसरीने ऐकून पाटीवर आलेखाची रेघ काढायची. मग पुस्तक उघडून मूळ आलेखाशी ताडून बघा. रेघ साधारण तशीच वर-खाली गेली तर वाक्यं बरोबर. ‘लोकसंख्येत खूप वाढ झाली’ एवढंच लिहिलं असेल तर दुसरी विचारणार, ‘कधीपासून? किती?’ आणि तिचा खडू तिथेच थांबणार. तिथे साल आणि आकडा घाला. पण एका तक्त्याला तीन-चार आकड्यांच्या वर नको, नाहीतर पुन्हा तक्ताच तयार होतो.

ही वाक्यं उजळणीसाठी आहेत. पेपरात कधी तक्ता देऊन आलेख काढायलाही सांगतात. तिथे पट्टी-पेन्सिल लागते, प्रमाण लिहावं लागतं, दोन्ही अक्षांना नावं द्यावी लागतात. त्याचा सराव वेगळा करावा लागेल.

जाता जाता एक तक्ता तुमच्यासाठी. भारतातली साक्षरता, टक्क्यांत. १९५१: पुरुष २७, स्त्रिया ९. १९८१: पुरुष ५६, स्त्रिया ३०. २०११: पुरुष ८१, स्त्रिया ६५. तीन वाक्यं लिहा. दोघांमधलं अंतर प्रत्येक सालचं काढून बघा, १९८१ चं मुद्दाम बघा. आणि अशा तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप असते ती वाचा: १९७१ पर्यंत पाच वर्षं आणि त्यावरच्या वयाची माणसं मोजली आहेत, १९८१ पासून सात वर्षं आणि त्यावरची. तुमची वाक्यं पुढच्या बैठकीत वाचायला घेऊन या, पाटी आणि खडू आम्ही आणतो.