फॉर्मचा फोटो आणि चौकटींचा घोळ

जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलांना घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. फॉर्म जर्मनमध्ये असतो, म्हणून फोनने फोटो काढून भाषांतर करतात. मजकूर कळतो, घोळ होतो तो चौकटींचा.

एका ओळीत तीन चौकटी असतात: एकमेव घर, मुख्य घर, दुय्यम घर. भाषांतरित शब्द लांब झाले की सरकतात आणि चौकट शेजारच्या शब्दाची वाटू लागते. जर्मनीत दुसरं घर नसेल, तर खूण ‘एकमेव’वर हवी. चुकून ‘दुय्यम’वर झाली, तर काही शहरांत दुसऱ्या घराच्या कराची नोटीस येऊ शकते. मग बसा पत्रव्यवहार करत!

त्यापेक्षा मूळ फोटोवर प्रत्येक चौकटीला आणि रकान्याला आकडा द्या. वेगळ्या कागदावर त्या आकड्यापुढे मराठी अर्थ लिहा. चौकट शब्दाच्या डावीकडे की उजवीकडे, हे ओळीच्या टोकाला पाहिलं की कळतं. फोटो वरून, सरळ धरून काढा. बारीक छापलेल्या सूचनांचा वेगळा, जवळून घ्या. भरायचा मात्र मूळ फॉर्मच, नाव पासपोर्टवर आहे तसं, रोमन अक्षरांत.