निदानानंतरचा विमा

विमा म्हणजे अनिश्चित संकटासाठी अनेकांनी भरलेली वर्गणी. समजा, आपल्या बैहरच्या एका शेतकऱ्यास घशाचा कर्करोग निघाला. आता त्याचा खर्च अनिश्चित उरला नाही. म्हणून बहुतेक कंपन्या त्याचा अर्ज नाकारतात. एखादीने स्वीकारलाच, तर जुन्या दुखण्यासाठी 3 वर्षांपर्यंत थांबविते. रोग लपविला तर ऐन वेळी दावा फेटाळला जातो.

मग त्याने काय करावे? प्रथम आयुष्मान कार्डाची पात्रता तपासावी, असे आम्ही सांगू. तेथे जुना रोगही पहिल्या दिवसापासून धरतात. नोंदणीकृत रुग्णालयात दाखल झाल्यास कुटुंबास वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. 2024 पासून सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्नाची अटही नाही. मुलगा नोकरीत असल्यास, कार्यालयाच्या सामूहिक विम्यात आईवडील बसतात का, हे त्याने विचारावे.