माऊस हाती घ्या, मगच घड्याळ लावा

आपल्या गटातल्या कितीतरी लेकी-सुना भरतीची तयारी करतात. पुस्तकं आहेत, जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, वही भरून गणितं सोडवलेली आहेत. पण अनेक भरती परीक्षा कागदावर होत नाहीत, संगणकाच्या पडद्यावर होतात. त्या पडद्याची सवय आठवड्याच्या वेळापत्रकात कशी बसवायची, तेवढंच आज बोलू.

तलाठी भरतीचं उदाहरण घेऊ. २०२३ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरात ही परीक्षा संगणकावर झाली. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी, प्रत्येकी २५ प्रश्न. एकूण १०० प्रश्न, २०० गुण आणि वेळ दोन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते. म्हणजे प्रश्न सोडून देण्यात काहीच फायदा नव्हता.

दोन तास म्हणजे १२० मिनिटं. १०० प्रश्नांना वाटली तर एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. आता ज्या पोरीच्या हाताला माऊसची सवय नाही, तिचे बाण शोधण्यात आणि नेमक्या गोलावर टिचकी मारण्यात प्रश्नामागे फक्त १० सेकंद जास्त जातात असं धरा. १०० प्रश्नांचे झाले १००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटं. एवढ्या वेळात तिचे १४ प्रश्न सोडवून झाले असते. त्या १४ प्रश्नांचा अभ्यास तिने केलेला असतो, तरी ते हातचे जातात.

पडद्यावर काय असतं ते डोळ्यांपुढे आणा. मधे प्रश्न आणि चार पर्याय. वर कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. एका बाजूला सगळ्या प्रश्नांच्या क्रमांकांचे चौकोन. उत्तर जतन केलं की चौकोन हिरवा होतो, प्रश्न पाहिला पण उत्तर दिलं नाही तर लाल, आणि पुन्हा बघण्यासाठी खूण केली तर जांभळा. हे रंग सर्वसाधारणपणे असेच असतात, तरी परीक्षेच्या सुरुवातीला सूचनांचं पान येतं, ते वाचायचंच. जांभळी खूण केलेलं उत्तर मोजलं जातं की नाही, तेही त्याच पानावर लिहिलेलं असतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती एका ठिकाणी. पर्यायासमोरच्या गोलावर टिचकी मारली म्हणजे उत्तर गेलं, असं वाटतं. तसं नाही. खाली Save & Next असं लिहिलेलं बटण असतं, ते दाबल्यावरच उत्तर जतन होतं. गोल भरला आणि थेट बाजूच्या चौकोनातून दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली, तर बहुतेक परीक्षांत आधीचं उत्तर जतन होत नाही. ही चूक ओळखायची कशी? सरावानंतर हिरवे चौकोन मोजायचे. आपण ८० सोडवले म्हणतो आणि हिरवे ७२ दिसले, तर आठ उत्तरं वाटेत सांडली.

आता वेळापत्रक. रोजचा पुस्तकी अभ्यास आहे तसाच राहू द्यायचा. त्यात आठवड्याला तीन बैठका जोडायच्या. मोबाईलवर सराव करून भागत नाही, कारण तिथे बोटाने सरकवतो आणि परीक्षेत माऊस असतो. गावातल्या शाळेचा संगणक, ग्रामपंचायतीतलं सेवा केंद्र किंवा तालुक्याची अभ्यासिका, जिथे जमेल तिथे गटाने मिळून वेळ ठरवून घ्यावी.

पहिली बैठक बुधवारी, अर्ध्या तासाची. पहिले दोन आठवडे घड्याळ लावायचंच नाही. फक्त हात बसवायचा: गोल निवडणं, Clear Response दाबून उत्तर पुसणं, Save & Next, Mark for Review & Next, लांब उतारा सरकवून शेवटपर्यंत वाचणं. लहान पडद्यावर चौथा पर्याय कधी कधी खाली लपलेला असतो, तो सरकवून पाहायची सवयही इथेच लागते. तिसऱ्या आठवड्यापासून याच बैठकीत एका विषयाचे २५ प्रश्न ३० मिनिटांत सोडवायचे.

दुसरी बैठक रविवारी, पूर्ण दोन तासांची, तिसऱ्या आठवड्यापासून. मधे उठायचं नाही, कळफलकाला हात लावायचा नाही, समोर फक्त कोरा कागद आणि पेन. कागदावर आधी प्रश्नाचा क्रमांक लिहायचा आणि आकडे एकदाच उतरवायचे. पडद्यावरून कागदावर आकडा उतरवताना ६९ चा ९६ होतो, तेव्हा लिहून झाल्यावर एकदा मान वर करून पडताळायचं. पूर्ण चाचणी आठवड्यात एकच पुरे. भरतीच्या संकेतस्थळावर सराव चाचणी दिली असेल तर आधी तीच सोडवावी.

तिसरी बैठक सोमवारी, पाऊण तासाची, आणि ती वहीवर. तीन आकडे लिहायचे: किती प्रश्न सोडवले, किती हिरवे झाले, किती बरोबर आले.

समजा, गटातल्या एका सुनेला कागदावर ७० बरोबर येतात आणि पडद्यावर पहिल्या रविवारी ५२. वहीत दिसतं की तिने ७८ सोडवले, हिरवे झाले ७०, आणि २२ प्रश्नांपर्यंत ती पोहोचलीच नाही. म्हणजे आठ उत्तरं जतन करायची राहिली आणि बाकी वेळ कमी पडला. तिचा उपाय पुस्तकात नाही. बुधवारी Save & Next ची सवय, आणि रविवारी एक नियम: ७२ सेकंदांत उत्तर सुचलं नाही तर अंदाजाने एक पर्याय जतन करायचा, खूण करायची आणि पुढे जायचं. तीन-चार आठवड्यांत दोन्ही आकडे जवळ येऊ लागले की पडदा अंगवळणी पडला समजा.

पण दुसऱ्या एखाद्या पोरीला कागदावर ४५ आणि पडद्यावर ४३ येत असतील, तर तिची अडचण पडदा नाही. तिने संगणकाच्या बैठका वाढवू नयेत. बुधवारची बैठक सोडून तो वेळ कच्च्या विषयाला द्यावा, रविवारची तेवढी ठेवावी.

आपल्याकडे मार्च-एप्रिलात मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. तेव्हा पहाट रानात जाते आणि दुपारी ऊन सोसत नाही. त्या दिवसांत रविवारची बैठक संध्याकाळी घ्यावी. वीज गेली तर चाचणी अर्धी टाकून तिचे आकडे वहीत लिहू नयेत, ते फसवतात. पुढच्या रविवारी नवी चाचणी घ्यावी.

परीक्षेच्या दिवशी माऊस अडला किंवा पडदा बंद पडला, तर स्वतः खटपट करायची नाही. लगेच हात वर करून पर्यवेक्षकांना सांगायचं. सर्वसाधारणपणे दुसऱ्या संगणकावर बसवतात आणि जतन केलेली उत्तरं तिथे दिसतात. बसल्याबरोबर हिरवे चौकोन आणि घड्याळातली वेळ पाहून घ्यायची, आणि काही कमी दिसलं तर तिथल्या तिथे बोलायचं.

भामरागड, सिरोंचाकडच्या पोरींना केंद्रासाठी आदल्या दिवशीच निघावं लागतं. त्या प्रवासात नवीन चाचणी सोडवू नये. आपली वही उघडून शेवटच्या दोन रविवारचे आकडे आणि आपल्या नेहमीच्या चुका तेवढ्या वाचाव्यात.